ग्रुप, लिस्ट आणि चॅनल : उत्तर कोण देऊ शकतं, नंबर कुणाला दिसतो?



आज व्हॉट्सॲपविषयी बोलायचं आहे. फोन कसा वापरायचा हे सांगायला मी आलेले नाही, ते आता आपल्या गटातल्या साठीच्या काकूंनाही येतं. पण एकाच वेळी पुष्कळ जणींना निरोप पाठवायचे व्हॉट्सॲपवर तीन रस्ते आहेत : ग्रुप, ब्रॉडकास्ट लिस्ट आणि चॅनल. तिन्हीकडून आलेला निरोप वाचताना सारखाच वाटतो. "उद्या चार वाजता बैठक" हे वाक्य कुठूनही आलं तरी तेच असतं. फरक दोन गोष्टींत आहे. एक, त्या निरोपाला उलट उत्तर कोण देऊ शकतं आणि ते कोण वाचतं. दुसरी, माझा नंबर आणखी कुणाकुणाला दिसतो. पहिली गोष्ट आपल्या लगेच लक्षात येते, कारण उत्तरं आली की फोन वाजतो. दुसरी लक्षात येत नाही, आणि त्रास बहुतेक वेळा तिथूनच होतो.

आता हेच बघा. मी रेडिओवर बोलते आहे. कोण ऐकतंय हे मला दिसत नाही. बागेत सुपारी सोलत बसलेल्या ताईंना हे माहीत नाही की जीवना बंदरावर मासळी निवडणारी एक बाईसुद्धा हेच ऐकते आहे. मला मध्येच थांबवून कुणाला काही विचारताही येत नाही. चॅनल साधारण असं असतं. आपली महिन्याची बैठक मात्र वेगळी. तिथे गोल करून बसतो, प्रत्येकीला प्रत्येक जण दिसते, कुणीही बोलू शकते आणि एकीचं बोलणं सगळ्या ऐकतात. तो ग्रुप. आणि सीआरपी ताई जेव्हा एकच निरोप घेऊन घरोघर जाते, प्रत्येक दारात तिला वेगळं उत्तर मिळतं आणि शेजारच्या घराला ते कळत नाही, ती झाली ब्रॉडकास्ट लिस्ट.

आपल्या किनाऱ्यावरच्या एका ग्रामसंघाचं उदाहरण सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बायकांना आधीच पुष्कळ फोन येऊन गेलेत.

या ग्रामसंघात अकरा गट आणि १२४ सदस्य. कोकम आगळ, फणसाची साठं, कुळथाचं पीठ, पापड असा माल करतात. दिवेआगर, हरिहरेश्वरला पर्यटक येतात तेव्हा विक्री चांगली होते. त्यांचा सदस्यांचा एक ग्रुप होता. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक सुट्टीनंतरही टिकावं म्हणून त्यांनी त्याच ग्रुपची लिंक पाकिटावर चिकटवलेल्या चिठ्ठीत दिली. वेगळा ग्रुप कशाला, सगळं एकाच ठिकाणी राहील, असा विचार. सीझन संपेपर्यंत ग्रुपमध्ये जवळजवळ तीनशे लोक झाले. ऑर्डरी येऊ लागल्या. त्याबरोबर गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी फ्लॅटची जाहिरात, आणि "आगळ एवढं महाग का" यावर दोन गिऱ्हाइकांचं आपसातलं भांडणही आलं.

मग बायकांना अनोळखी फोन यायला लागले. "कर्ज हवंय का, पाच मिनिटांत देतो." "लाडकी बहीणचं ई-केवायसी राहिलंय, ओटीपी सांगा." एका ताईला रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल येऊ लागले. तिने नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून यायचे.

ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी काय केलं? ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यांचं बोलणं बंद केलं. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की खाली `Group permissions` येतं. त्यात `Send new messages` बंद केलं की फक्त ॲडमिनला लिहिता येतं. ही सोय व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये आणली. दुसऱ्या दिवसापासून गुड मॉर्निंग थांबलं, भांडण थांबलं. सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. पण फोन यायचे ते येतच राहिले.

इथे जरा थांबू, कारण हा गैरसमज मी प्रत्येक प्रशिक्षणात ऐकते. "आम्ही ग्रुप बंद केलाय, आता तो चॅनलसारखाच आहे." नाही, ताई. बोलणं बंद केल्याने फक्त बोलणं बंद होतं. सदस्यांची यादी उघडीच राहते. बैठकीत अध्यक्षांनी "आता कुणी बोलायचं नाही" असं सांगितलं म्हणून समोर बसलेल्या बायका एकमेकींना दिसायच्या थांबतात का? तसंच हे आहे.

खात्री करायची असेल तर अशा कुठल्याही ग्रुपच्या नावावर बोट ठेवा आणि खाली सरकत जा. सदस्यांची अख्खी यादी दिसेल. ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये जतन केलेले नाहीत त्यांचाही नंबर तिथे असतो. शेजारी `~` अशी वेलांटीसारखी खूण आणि त्या व्यक्तीने स्वतः व्हॉट्सॲपवर ठेवलेलं नाव. बहुतेक वेळा फोटोही. आता त्यातल्या कुठल्याही नंबरवर बोट ठेवलं की थेट मेसेज करता येतो, फोनही लावता येतो. त्या ताईला रात्री फोन करणाऱ्याने ग्रुपमध्ये एक शब्दसुद्धा लिहिला नव्हता. पाकिटावरची लिंक दाबून तो आत आला आणि यादी वाचून बाहेर गेला. त्याला बोलायचं नव्हतंच, बघायचं होतं.

आणि यादी एकदा पाहून झाली की ती परत घेता येत नाही. लिंक बदलता येते. `Reset link` केलं की पाकिटावरची जुनी लिंक बाद होते. नवीन येणाऱ्याला ॲडमिनने हो म्हटल्याशिवाय आत घ्यायचं नाही, असंही ठरवता येतं. ही दोन्ही कामं त्या ग्रामसंघाने पहिल्या दिवशीच करायला हवी होती, असं मला स्पष्ट वाटतं. पण ज्याने नंबर उतरवून घेतले त्याच्याकडे ते राहतात. तुम्ही स्वतः ग्रुप सोडलात तरी तुमचा नंबर ग्रुप सोडून गेलेल्यांच्या यादीत साठ दिवस इतरांना दिसू शकतो.

आता बोलण्याची बाजू. ग्रुपमध्ये कुणीही काहीही लिहू शकतं, तर त्याची जबाबदारी कुणाची, असा प्रश्न ॲडमिन झालेल्या ताई नेहमी विचारतात. याचा निकाल आपल्याच राज्यात लागलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपमध्ये एका पुरुष सदस्याने त्याच ग्रुपमधल्या एका महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायलाही सांगितलं नाही, अशी तिची तक्रार होती. ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेलं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सांगितलं असं की, ॲडमिन माणसं घेऊ शकतो किंवा काढू शकतो, पण कोण काय लिहिणार यावर त्याचा आधी ताबा नसतो. त्या सदस्याशी त्याचं संगनमत होतं असं दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या लिहिण्यासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही.

ॲडमिन ताईंना हे ऐकून हायसं वाटतं. पण जरा त्या तक्रार करणाऱ्या बाईच्या जागी बसून बघा. ते शब्द ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर जाऊन पोहोचले होते. पुढे २०२२ मध्ये ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायची सोय मिळाली. ती उपयोगाची आहेच. पण पुसेपर्यंत ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलेलं असतं. म्हणून जिथे अनोळखी पुरुष, गिऱ्हाईक, दुसऱ्या गावचे लोक आहेत, तिथे आपल्या बायकांना आणि त्यांना एकाच ग्रुपमध्ये बसवायचं का, हा प्रश्न ग्रुप तयार करतानाच विचारायचा.

त्या ग्रामसंघाने मग ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाहिली. वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवून `New broadcast` केलं, गिऱ्हाइकांचे नंबर निवडले. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात. एकदा लिहिलं की निरोप सगळ्यांना जातो, पण प्रत्येकाला तो आपल्यालाच पाठवल्यासारखा येतो. लिस्टमध्ये आणखी कोण आहे हे कुणालाच दिसत नाही. उत्तर दिलं तर ते फक्त पाठवणाऱ्या फोनवर येतं. "दोन बाटल्या आगळ आणि एक किलो कुळीथ पीठ पाठवा" असं पुण्याच्या काकूंनी लिहिलं, तर ते ठाण्याच्या काकांना कळत नाही. नंबर झाकलेले आणि ऑर्डरही येते. माझ्या मते छोट्या धंद्याला याहून बरं काही नाही.

पण याची एक अट आहे, आणि तिथेच त्यांचं गणित बसेना. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन केलेला आहे त्यालाच ब्रॉडकास्टचा निरोप पोहोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही. त्यांनी दीडशे गिऱ्हाइकांची लिस्ट केली होती, निरोप मिळाला साधारण साठ जणांना. हे कळतं कसं? पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि माहितीत, म्हणजे `Info` मध्ये, जायचं. कुणाला पोहोचला आणि कुणी वाचला, ही नावं तिथे दिसतात. पुष्कळ वेळ झाला तरी ज्यांची नावं त्यात येत नाहीत, त्यांनी बहुधा आपला नंबर जतन केलेला नाही. (फोन बंद असला तरी तसंच दिसतं, म्हणून दोन दिवस थांबून बघावं.) यावर उपाय साधा आहे. माल हातात देताना गिऱ्हाइकाला सांगायचं, "आमचा नंबर नाव घालून ठेवा, नाहीतर पुढच्या मालाची खबर मिळणार नाही." आपल्या बायका हे सांगायला लाजतात. लाजू नये.

राहिलं चॅनल. व्हॉट्सॲपचं चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. ते चॅटमध्ये नसतं, `Updates` नावाच्या वेगळ्या पानावर असतं, म्हणून पुष्कळ जणींना ते सापडतच नाही. चॅनल ज्याचं आहे तोच लिहितो. बाकीचे फॉलो करतात, म्हणजे वाचतात. वाचणाऱ्याला निरोपावर अंगठा किंवा फूल देता येतं, मत विचारलं असेल तर मत देता येतं, पण ग्रुपसारखं उलट लिहून गप्पा करता येत नाहीत. आणि नंबर? फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चॅनल चालवणारीचा नंबरही त्यांना दिसत नाही. चालवणारीच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आधीच आहेत ते आपल्याला फॉलो करतात हे तिला कळू शकतं, पण अनोळखी माणसाचा नंबर तिलाही मिळत नाही. किती जण फॉलो करतात तो आकडा मात्र सगळ्यांना दिसतो.

इतकं ऐकून एक ताई मला म्हणाल्या, "मग सगळंच चॅनलवर टाकू या की." म्हटलं, थांबा. चॅनलमध्ये माणसं झाकलेली असतात, मजकूर नाही. साधं चॅनल हे उघड्या दवंडीसारखं असतं. कुणीही शोधून ते पाहू शकतं, आणि मागचे तीस दिवसांचे निरोप आज आलेल्यालाही वाचता येतात. आपल्या ग्रुपमधलं बोलणं दोन टोकांच्या मध्ये कुणालाच, अगदी व्हॉट्सॲप कंपनीलाही, वाचता येत नाही अशा कुलपात जातं. चॅनलला तसं कुलूप नसतं. म्हणून गटाचा हिशोब, कुणाचा हप्ता थकला, आधार कार्डाचा किंवा पासबुकाचा फोटो यातलं काहीही चॅनलवर जाता कामा नये. खरं तर आधारचा फोटो ग्रुपवरही जाऊ नये. तो ज्या एका व्यक्तीला हवा आहे तिलाच द्यावा. कुलूप वाटेतल्या चोरासाठी असतं. ग्रुपमध्ये बसलेल्या शंभर जणांकडे किल्ली असतेच.

शेवटी त्या ग्रामसंघाने तीन वेगळी घरं केली. सदस्यांचा जुना ग्रुप मोडला आणि फक्त १२४ जणींचा नवा केला, गिऱ्हाईक एकही नाही, लिंक कुठेही छापायची नाही. त्यात बोलणं चालू ठेवलं. मला हे पटलं, कारण आपल्या बायकांनी आपसात बोलावं यासाठीच तर ग्रुप. गिऱ्हाइकांसाठी चॅनल केलं. कुठला माल तयार आहे, भाव काय, कुठल्या तारखेला पार्सल निघणार, एवढंच त्यात जातं. पाकिटावर आता चॅनलची लिंक आहे. पण चॅनलवर ऑर्डर देता येत नाही, म्हणून प्रत्येक निरोपाच्या खाली `https://wa.me/91` आणि त्याला जोडून दहा आकडी नंबर असा पत्ता लिहितात. त्यावर बोट ठेवलं की गिऱ्हाईक थेट त्या नंबरच्या चॅटमध्ये जातं. तो नंबर कुणा एका बाईचा नाही. ग्रामसंघाच्या पैशातून घेतलेलं वेगळं सिम आहे, फोन विक्री केंद्रात राहतो आणि संध्याकाळी सातला बंद होतो. नेहमीच्या पन्नास-साठ गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट त्याच फोनवर आहे.

प्रत्येक ताईला आपल्या फोनवर आणखी एक गोष्ट करायला सांगितली. सेटिंगमध्ये `Privacy`, त्यात `Groups`, तिथे `My contacts` निवडायचं. म्हणजे ज्याचा नंबर आपल्या फोनमध्ये नाही तो आपल्याला परस्पर कुठल्या ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. (फोन जुना असेल तर ही नावं थोडी वेगळी किंवा मराठीत दिसतील, पण जागा साधारण तीच.)

ज्या ताईला रात्री फोन यायचे तिचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. घरं बदलून तिचे फोन लगेच थांबले नाहीत, थांबणारही नव्हते. तिने अनोळखी नंबर गप्प करायची सोय चालू केली, आलेल्या प्रत्येक नंबरची नोंद ठेवली आणि पोलिसांत तक्रार दिली. ओटीपी सांगून जर कुणाचे पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवायचं, हेही या निमित्ताने सगळ्यांनी लिहून घेतलं.

बैठकीची सूचना कुठून द्यायची यावर त्यांच्यात वाद झाला. एक जण म्हणाली, सदस्यांसाठीही चॅनल करू, म्हणजे गडबड नको. पण चॅनलवर निरोप कोणी वाचला हे नावानिशी कळत नाही. ग्रुपमध्ये मेसेज दाबून `Info` पाहिलं की कुणी वाचला ते दिसतं. उद्या एखादी म्हणाली की मला सूचना मिळालीच नाही, तर बघायला काहीतरी हवं. म्हणून बैठकीची सूचना ग्रुपवरच राहिली.

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट. ग्रुपमध्ये दिसतो तो नंबर, बाई नाही. या १२४ जणींपैकी तेवीस जणींचा नंबर म्हणून यादीत आहे तो नवऱ्याचा, मुलाचा किंवा सुनेचा. म्हणजे "फक्त बायकांचा" म्हणून केलेल्या ग्रुपमध्ये तेवीस घरांतले पुरुष आणि पोरंही वाचतात. एका गटात कुणाचे किती हप्ते राहिलेत याची यादी ग्रुपवर टाकली, आणि ज्या सुनेने माहेरच्या अडचणीसाठी कर्ज घेतलं होतं तिच्या सासऱ्याला ते जेवताना कळलं. सेटिंग सगळं बरोबर होतं. म्हणून आता तिथे कर्जाची थकबाकी ग्रुपवर लिहीतच नाहीत, वहीत असते आणि बैठकीत वाचली जाते.

त्या तेवीस जणींना निरोप देण्यासाठी वाटणी करून घेतली आहे. प्रत्येक गटाच्या सचिवाकडे दोन-तीन घरं, तोंडी सांगायचं आणि वहीत खूण करायची. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आपल्याकडे धडकलं तेव्हा टॉवर पडले, वीज गेली, आणि कितीतरी दिवस कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. त्या वेळी ग्रुपही चालला नाही आणि लिस्टही. म्हणून ही घरवाटणीची यादी त्यांनी आता तेवीस घरांपुरती ठेवलेली नाही. १२४ घरांची करून विक्री केंद्राच्या भिंतीवर लावली आहे, नंबर न लिहिता, फक्त वाडी आणि नाव.